तीन बॅगा की दोन सुया: आईच्या डायलिसिसचा निर्णय

"आई ६४ वर्षांची, वजन ५८ किलो, २० वर्षांपासून डायबेटिस. क्रिएटिनिन ७.८ झालंय, हार्टचं पंपिंग ३५ टक्के आहे. लघवी अजून दिवसाला ८०० ते ९०० मिली होते. पाय सुजतात, सकाळी मळमळतं. डॉक्टर म्हणाले, हातात फिस्ट्युला करून मशीनवर घ्या नाहीतर घरी पोटाचं डायलिसिस करा, तुम्ही ठरवा. आम्ही धायरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी हिंजवडीला जातो, बायको शाळेत शिकवते, बाबा ७१ वर्षांचे, घरीच असतात. सेंटर स्वारगेटजवळ आहे. दोन्हींत नेमका फरक काय आणि आम्ही ठरवायचं कसं?"

तुम्ही दिलेल्या आकड्यांत क्रिएटिनिनचा आकडा या निर्णयासाठी सगळ्यात कमी कामाचा आहे. डायलिसिसची वेळ आली आहे, एवढंच तो सांगतो, आणि ते मळमळ आणि सूज सांगतच आहेत. कोणतं डायलिसिस, हे तीन गोष्टींवर ठरेल: लघवीचे ते ८०० मिली, हार्टचे ३५ टक्के, आणि दुपारी एक-दोन वाजता घरात कोणाचे हात मोकळे आहेत. या तिन्हींवरून माझा कल पोटाच्या डायलिसिसने सुरुवात करण्याकडे आहे. दोन अटी मात्र आहेत. आईंच्या पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या नसाव्यात, दुरुस्त न केलेला हर्निया नसावा. आणि बॅग जोडण्याचं काम बाबांना स्वतःच्या हातांनी आणि डोळ्यांनी जमायला हवं. पहिली अट तुमचे किडनीचे डॉक्टर पोट तपासून सांगतील. दुसरी तुम्हालाच तपासायची आहे.

आधी मशीनचं बघू, कारण ते सगळ्यांनी निदान लांबून पाहिलेलं असतं. हातातल्या फिस्ट्युलात, म्हणजे रोहिणीला जोडून फुगवलेल्या शिरेत, दोन सुया घालतात. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं, मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिली. मधे डायलायझर असतो. या नळकांड्यात केसांसारखे हजारो पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचं पाणी मिनिटाला ५०० मिली वेगाने जातं. चार तासांत हे पाणी १२० लिटर होतं. तंतूंच्या भिंतीतून युरिया, पोटॅशियम पाण्यात उतरतात. साठलेलं पाणी मात्र मशीन दाब देऊन ओढून काढतं, आणि सगळी अडचण इथेच सुरू होते.

किडनी चोवीस तास थेंबाथेंबाने काम करते. मशीनला तेच काम आठवड्यातल्या आठ किंवा बारा तासांत उरकायचं असतं. आईंचा हिशोब मांडून बघा. जेवणातलं पाणी आणि घाम-श्वासातून जाणारं पाणी ढोबळमानाने सारखं धरू. आई दिवसाला १२०० मिली पाणी, चहा, ताक पितात आणि ८०० मिली लघवी होते, म्हणजे रोज ४०० मिली अंगात साठतं. सोमवार आणि गुरुवार असे आठवड्यातून दोन डायलिसिस धरले तर गुरुवार ते सोमवार या चार दिवसांत १.६ लिटर साठेल. चार तासांत ते काढायचं म्हणजे तासाला ४०० मिली, किलोमागे सुमारे ७ मिली. हे बहुतेकांना झेपतं.

आता लघवी बंद झाली असं समजा. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन डायलिसिस लागतात, तरीही शुक्रवार ते सोमवार ३.६ लिटर साठतं. चार तासांत ते काढायला तासाला ९०० मिली लागतील, किलोमागे साडेपंधरा. तासाला किलोमागे १३ मिलीच्या पुढे गेलं की हृदयावर ताण पडतो, हे या क्षेत्रात सर्वमान्य आहे. आईंच्या वजनाला ती मर्यादा साधारण ७५० मिली होते. ३५ टक्के पंपिंगच्या हृदयाला तीही जास्तच. अशा वेळी तिसऱ्या तासाला बीपी ८०-९० वर येतं, पोटऱ्यांत गोळे येतात, जांभया सुरू होतात, मळमळतं. मग सिस्टर पाय वर करतात, पाणी काढणं थांबवतात, सलाइन देतात, आणि काढलेलं थोडं पाणी परत अंगात जातं. घरी आल्यावर आई त्या दिवशी काही करू शकत नाहीत. हे दर वेळी होऊ लागलं तर पाणी कमी पिणं किंवा डायलिसिसचा वेळ वाढवणं, एवढेच उपाय उरतात. "वेग थोडा वाढवून लवकर सोडा" अशी विनंती सेंटरवर नेहमी ऐकू येते. हार्ट कमजोर असेल तर ती कधीच करू नका.

पोटाच्या डायलिसिसला मशीन नाही आणि रक्त बाहेर जात नाही. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बेंबीच्या बाजूने एक मऊ सिलिकॉनची नळी, टेन्कॉफ कॅथेटर, पोटाच्या पोकळीत बसवतात. तिच्यावर दोन मखमली कडी असतात. त्यांच्यात टिश्यू वाढला की नळी जागेवर पक्की होते आणि बाहेरचे जंतू आत यायला अडसर मिळतो. त्यासाठी साधारण दोन आठवडे थांबतात. मग २ लिटरची बॅग पोटात सोडायची, चार ते आठ तास आत ठेवायची, काढायची, पुढची सोडायची. रक्तातला कचरा अस्तरातून त्या पाण्यात हळूहळू उतरतो. पाणी ओढून काढायचं काम बॅगेतली साखर करते. बॅगा १.५, २.५ आणि ४.२५ टक्के साखरेच्या मिळतात. साखर जितकी जास्त, तितकं जास्त पाणी निघतं. १.५ ची बॅग चार तासांत साधारण १०० ते २०० मिली जादा काढते, २.५ ची त्याहून बरंच जास्त. ४.२५ ची बॅग सुजलेल्या दिवसासाठी असते, रोजची नव्हे, कारण साखर अस्तरालाच हळूहळू खराब करते.

तीच आई, तोच हिशोब. रोज ८०० मिली लघवी आणि तीन बॅगांमधून मिळून ६०० मिली जादा पाणी, म्हणजे १४०० मिली बाहेर. १२०० मिली पिणाऱ्या बाईला हे पुरतं, पायांची सूजही उतरते. कोणत्याही एका तासात अंगातून ९०० मिली ओढलं जात नाही, म्हणून बीपी एकदम पडत नाही. कमजोर हार्टच्या पेशंटला पोटाचं डायलिसिस सोसतं म्हणतात, त्याचं कारण एवढंच आहे.

कचरा पुरेसा निघतो का, हेही पाहू. तीन बॅगा आणि निघालेलं जादा पाणी मिळून दिवसाला ६.६ लिटर, आठवड्याला ४६ लिटर होतं. यात युरिया रक्ताच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे खरोखर धुतलं गेलेलं ४१ लिटर. आईंच्या अंगात पाणी साधारण २९ लिटर. ४१ भागिले २९ म्हणजे अंगातलं पाणी आठवड्यात १.४ वेळा धुतलं गेलं, आणि आठवड्याचं लक्ष्य आहे १.७. कमी पडलं की! पण उरलेली किडनीही काम करते आहे. समजा ती मिनिटाला ३ मिली रक्त युरियापासून साफ करते. आठवड्याला ते ३० लिटर होतं, म्हणजे आणखी १. बेरीज २.४. आज तीन बॅगा भरपूर झाल्या, कदाचित सुरुवातीला दोनही चालतील. हा ३ मिलीचा आकडा मी धरलेला आहे. खरा आकडा चोवीस तासांची लघवी गोळा करून काढतात, तो डॉक्टरांकडून जरूर काढून घ्या.

म्हणून ती लघवी सोन्याच्या भावाची. ती बंद झाली की तीन बॅगांचे १.४ च उरतात आणि चौथी बॅग लागते. चार बॅगांनी हिशोब १.९ पर्यंत जातो. पोटाच्या डायलिसिसवर उरलेली किडनी जास्त काळ टिकते, कारण बीपीचे असे हेलकावे नसतात. ती टिकवायची तर गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आजपासून बंद. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची वेळ आली तर करणाऱ्या डॉक्टरांना "लघवी अजून होते" हे आवर्जून सांगा. डायलिसिसवरच्या पेशंटची किडनी गेलेलीच धरून औषधं दिली जातात, हे वारंवार होतं.

आता रोजचं काम. या कामाची कल्पना दिल्याशिवाय पोटाचं डायलिसिस सुचवणं मला बरोबर वाटत नाही.

बॅग बदलायची जागा एकच ठरवा. बेडरूमचा एक कोपरा, पुसता येणारं टेबल, भिंतीत खांद्याच्या वर एक मजबूत हूक. खिडकी लावायची, पंखा बंद, दार बंद. एप्रिलमधे पंखा बंद करणं नकोसं होतं, पण जोडणी आणि सोडवणी एवढ्यापुरताच तो बंद हवा, पाणी जाता-येताना नव्हे. बॅग आधी कोरड्या उष्णतेने कोमट करायची, त्यासाठी हीटिंग पॅड किंवा बॅग वॉर्मर मिळतो. गरम पाण्याच्या बादलीत बॅग बुडवू नका, तोंडाशी ओल राहते आणि जंतूंना वाट मिळते. बॅगेवरची टक्केवारी आणि तारीख वाचायची. दाबून गळती आणि उजेडात धरून गढूळपणा पाहायचा. बाबांनी आणि आईंनी, दोघांनीही मास्क लावायचा. साबणाने हात नीट धुऊन कोरडे करायचे, मग सॅनिटायझर.

बॅगेसोबत वाय आकाराची नळी असते. एक फाटा नव्या बॅगेला, दुसरा रिकाम्या बॅगेला, तिसरं टोक आईंच्या नळीला. आईंच्या नळीची जुनी टोपी काढून नवं टोक जोडायचं, त्या दोन-तीन सेकंदांत उघडी टोकं बोटाला, कपड्याला, कशालाही लागता कामा नयेत. चुकून लागलं तर "काही होत नाही" म्हणून जोडून टाकायचं नाही. क्लॅम्प बंद ठेवून सेंटरच्या सिस्टरना फोन करायचा. मग रिकामी बॅग खाली स्वच्छ ट्रेमधे ठेवून पोटातलं पाणी सोडायचं, साधारण २० मिनिटं लागतात. पोट रिकामं झालं की आईंच्या बाजूचा क्लॅम्प बंद करायचा. नव्या बॅगेचं पाणी मनात पाच म्हणेपर्यंत थेट खालच्या बॅगेत जाऊ द्यायचं. नळीतली हवा आणि जोडताना आलेला एखादा जंतू त्यात वाहून जातो. मग खालचा क्लॅम्प बंद, आईंच्या बाजूचा उघडा, १० मिनिटांत पोट भरतं. शेवटी सोडवून नवी टोपी. टोपी दर वेळी नवीच. निघालेली बॅग काट्यावर तोलून आकडा वहीत लिहायचा, आणि फेकण्याआधी तिच्यामागे छापील वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचून बघायची.

वर्तमानपत्राची ही सवय मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. अक्षरं वाचता येत नसतील, म्हणजे पाणी गढूळ असेल, तर पोटात जंतुसंसर्ग झाला असं धरूनच चालायचं, मग पोट दुखत असो वा नसो. ती बॅग फेकायची नाही, टोपी लावून तीच घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं. "उद्या सकाळी बघू" म्हणण्यातच अस्तर जातं. तिथे पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. १०० च्या वर आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असल्या की निदान पक्कं. अँटिबायोटिक बॅगेतूनच पोटात देतात, दोन ते तीन आठवडे. बहुतेक वेळा नळी वाचते. बुरशीचा संसर्ग असेल तर मात्र नळी काढावीच लागते. वर्षाला ०.४ पेक्षा जास्त वेळा असा संसर्ग होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय लक्ष्य आहे, म्हणजे एका पेशंटला अडीच वर्षांत एखाद्या वेळी. तुमच्या सेंटरला त्यांचा स्वतःचा आकडा विचारा. जे सेंटर आकडा सांगू शकत नाही ते मोजत नाही, असं समजा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. आधी क्लॅम्प आणि नळीला पीळ पडलाय का ते बघा. मग कूस बदला, थोडं चाला. त्यानंतरचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात: पोट साफ कधी झालं होतं? भरलेलं आतडं नळीवर दाबतं, आणि पोट साफ होण्याचं औषध घेतल्यावर निम्म्या "बिघडलेल्या" नळ्या आपोआप सुरू होतात. पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन, डॉक्टर बॅगेत हेपरिन हे गुठळी होऊ न देणारं औषध घालायला सांगतात. तरीही निघेना तर एक्स-रे काढून नळीचं टोक सरकलं का ते पाहतात.

आईंना डायबेटिस आहे, म्हणून साखरेचा मुद्दा टाळता येत नाही. १.५ च्या दोन आणि २.५ ची एक अशा तीन बॅगांत साधारण ११० ग्रॅम साखर असते आणि त्यातली निम्म्याहून जास्त, ६० ते ७० ग्रॅम, अंगात शोषली जाते. चहात रोज बारा-तेरा चमचे साखर घालण्यासारखंच हे. इन्शुलिनचा डोस त्यानुसार वाढवावा लागतो, वजनही वाढू शकतं. रात्रीच्या लांब वेळेसाठी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग मिळते, तिच्यात ही साखर नसते. पण ती वापरणार असाल तर घरचा ग्लुकोमीटर तपासून घ्या. काही मीटरच्या पट्ट्या तिच्यामुळे साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्शुलिन दिलं तर खरी साखर धोक्याच्या खाली जाते.

जेवणाचं उलट आहे. मशीनवर दोन डायलिसिसच्या मधे पोटॅशियम साठतं, म्हणून नारळपाणी, केळी, संत्री, टोमॅटो जपून, बटाटा बारीक चिरून उकळून, ते पाणी फेकून. दोन डायलिसिसमधलं अंतर लांबतं त्या दिवसांत तर जास्तच जपून, कारण वाढलेलं पोटॅशियम थेट हृदयाचे ठोके थांबवू शकतं. पोटाच्या डायलिसिसवर पोटॅशियम रोज जातं, म्हणून फळं बऱ्यापैकी मोकळी. पण त्या पाण्यातून दिवसाला ५ ते १० ग्रॅम प्रोटीनही जातं. अंडी, पनीर, डाळ, मासे वाढवावे लागतात. मळमळीमुळे वरण-भातावर दिवस काढणाऱ्या पेशंटचं ॲल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, पडतं आणि सूज पुन्हा येते. मग घरचे बॅगेला दोष देतात.

तुमच्या घराचं म्हणाल तर दिवसाचं वेळापत्रक असं बसेल: सकाळी साडेसहाला, दुपारी दीडला, रात्री साडेनऊला. सकाळची आणि रात्रीची तुम्ही किंवा तुमची पत्नी करू शकता, प्रत्येकी ४० मिनिटं धरा. दुपारची बाबांचीच. आईंना डायबेटिसमुळे नीट दिसत नसेल किंवा बोटं बधिर असतील तर त्यांच्या एकटीवर ती सोडू नका. प्रशिक्षण पाच-सहा दिवसांचं असतं, त्यात बाबा आणि आणखी एक जण, दोघांनीही शिकायचं. एकच माणूस शिकला तर त्याच्या तापाच्या दिवशी घर अडतं. आणि एक आगाऊपणा करतो: बऱ्याच घरांत दुसरं माणूस म्हणजे सून, असं न विचारता गृहीत धरलं जातं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला पहाटे आणि रात्री दोन्ही बॅगा वर्षानुवर्षं करायच्या आहेत का, हे तिलाच विचारा. दोन बॅगा तुम्ही वाटून घेतल्यात तर हे जास्त दिवस चालेल.

लिफ्ट नाही, म्हणून साठवणीचा विचार करा. महिन्याच्या ९० बॅगा म्हणजे १८० किलोंहून अधिक पाणी. खोके कोरड्या, उन्हापासून लांब जागी, जमिनीपासून थोडे वर ठेवावे लागतात. पुरवठादार दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवून देतो का आणि पंधरवड्याला निम्मे आणतो का, हे आधी ठरवा. वापरलेलं पाणी संडासात ओतायचं. वीज गेली तर अडत नाही. रात्री झोपेत बॅगा बदलणारं मशीनही मिळतं, त्याला मात्र वीज लागते आणि खर्चही वाढतो. बाबांना दुपारची बॅग जमली नाही तरच त्याचा विचार करा.

मशीनच्या बाजूने वेळ मोजताना चार तास मोजू नका. धायरीहून सिंहगड रस्त्याने स्वारगेट, जोडणं, नंतर सुईच्या जागा दाबून धरणं, परत येणं, मिळून सहा-सात तास जातात. आणि बाबांनाच दोन मजले उतरून त्यांच्याबरोबर जावं लागेल. पालख्या शहरात असताना आणि विसर्जनाच्या दिवशी त्या भागातले रस्ते बंद असतात, तेव्हा पाळी आदल्या दिवशी घ्यावी लागते. हे आठवडाभर आधी सेंटरला सांगून ठेवायचं, त्या सकाळी नव्हे. पण मशीनची एक मोठी बाजू आहे: घरात काहीच करायचं नसतं. सिस्टर आणि टेक्निशियन दर वेळी आईंना बघतात, घर दवाखाना होत नाही. काही कुटुंबांना हेच हवं असतं आणि त्यात कमीपणा नाही. जगण्याची वर्षं बघितली तर एकूण दोन्ही पद्धती साधारण बरोबरीच्या आहेत. म्हणून ज्या घरात दुपारी कोणीच नसतं किंवा पाहणाऱ्याचा हात थरथरतो, तिथे मी बिनदिक्कत मशीन सांगतो.

पैशाचं थोडक्यात. मशीनच्या डायलिसिसला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पॅकेज आहे. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मधे सुरू झाला तोही मशीनसाठीच, पोटाच्या डायलिसिसच्या सूचना त्यात २०१९ मधे आल्या. त्यामुळे प्रत्यक्षात मशीनला मदत सहज मिळते आणि बॅगांचे पैसे बहुधा खिशातून जातात. मेडिक्लेममधेही मशीन "डे केअर" म्हणून बसतं, घरी वापरलेल्या बॅगा बसतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बॅगेचा आजचा भाव विचारा, ९० ने गुणा, आणि दुसऱ्या कागदावर १२० ने गुणा. लघवी बंद झाल्यावरचा खर्च तो दुसरा आकडा आहे. तो झेपत नसेल तर पहिल्याच्या भरवशावर सुरुवात करू नका.

एका गोष्टीची भीती मनातून काढा: आज जे निवडाल ते जन्मभराचं नाही. लघवी आहे तोवर पोटाचं आणि पुढे मशीनचं, हा क्रम अनेकांना सोयीचा पडतो. वारंवार गढूळ बॅग येऊ लागली, २.५ ची बॅग लावूनही वहीतला जादा पाण्याचा आकडा महिनोन्महिने घसरू लागला किंवा बाबा थकले, की बदलायची वेळ आली. अस्तरातून कचरा आणि साखर किती वेगाने जाते, हे सुरुवात केल्यावर महिनाभराने पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट, म्हणजे पेट टेस्ट, करून मोजतात, पुढे तुलना करायला तो आकडा जपून ठेवा.

त्या पुढच्या दिवसासाठी डाव्या हाताच्या शिरा आजपासून राखा (आई उजव्या हाताने काम करत असतील तर). त्या हाताला सलाइन नाही, रक्त काढणं नाही. रक्त उजव्या तळहाताच्या मागच्या बाजूने काढायला सांगा. फिस्ट्युला म्हणजे मनगटाची रोहिणी शेजारच्या शिरेला जोडणं. शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुम्ही मशीनच निवडलंत तर तो आत्ताच करावा लागेल, आणि जोडलेल्या शिरेतून जाणारं जादा रक्त ३५ टक्क्यांच्या हार्टला पेलेल का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. झाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी तिथली थरथर तपासायची. ती थांबली तर काही तासांतच हॉस्पिटल गाठायचं, दुसऱ्या दिवशी आतली रक्ताची गाठ काढणं अवघड होतं. फिस्ट्युला तयार नसताना दम लागला तर मानेतून नळी घालून मशीन करावं लागतं, आणि मानेच्या नळीवर डायलिसिस सुरू होताच थंडी वाजून ताप आला तर तो नळीचाच संसर्ग समजायचा.

तेव्हा वेळेचं गणित असं आहे: पोटाची नळी या पंधरवड्यात बसली तर बॅगा महिन्याच्या आत सुरू होतील. तोवर रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी आईंचं वजन वहीत लिहा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा रात्री उशी उंच करून झोपावं लागलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आणि नळी बसवण्याआधी सेंटरकडून सरावाचा सेट मागून घ्या. दुपारी दीड वाजता, तुम्ही दोघं घरी नसताना, बाबांनी तो एकट्याने तीनदा जोडून-सोडून बघावा. टोपी कितव्या वेळी टेबलाला लागली, ते त्यांना खरं-खरं लिहून ठेवायला सांगा.